चौसष्टाव्या वर्षी वजन उचलायला शिकताना

२०२३ च्या जुलै महिन्यात माझे उजवे मनगट मोडले. आमचे घर नागपुरात प्रतापनगरच्या बाजूला एका जुन्या गल्लीत आहे. समोरचा रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा त्याची पातळी आमच्या अंगणापेक्षा वर गेली, त्यामुळे फाटकातून आत येताना एक पायरी उतरावी लागते. पावसाने त्या पायरीवर शेवाळ धरले होते. पाय सरकला, मी तोल सावरायला हात पुढे टेकवला आणि मनगटातून कट् असा आवाज आला. सहा आठवडे प्लास्टर होते. डाव्या हाताने पोळी तोडण्यापासून साडी नेसण्यापर्यंत सगळेच नव्याने शिकावे लागले, पण त्याबद्दल फार लिहिण्यासारखे काही नाही.

लिहिण्यासारखे जे आहे ते प्लास्टर काढल्याच्या दिवशी सुरू झाले. धंतोलीतील ज्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे मी जात होते त्यांनी मला विचारले, "तुम्ही किती उंचीवरून पडलात?" मी म्हटले, "उंचीवरून कुठे, उभ्याउभ्याच पडले." त्यावर ते म्हणाले की तोच तर प्रश्न आहे. केवळ उभ्या उंचीवरून पडून साठीनंतर हाड मोडते तेव्हा त्या हाडाची तपासणी करायलाच हवी, कारण मनगटानंतरची पाळी अनेकदा कण्याच्या मणक्याची किंवा खुब्याची असते. मला ते जरा अपमानास्पद वाटले. सेवानिवृत्तीच्याही आधीपासून, म्हणजे बारा वर्षे, मी रोज पहाटे अंबाझरीच्या बाजूला चार किलोमीटर चालत होते आणि आपण व्यायाम करणाऱ्यांपैकी आहोत असा माझा समज होता.

हाडांच्या घनतेची, म्हणजे डेक्साची, तपासणी दहा-पंधरा मिनिटांत झाली. नुसते आडवे पडून राहायचे असते. अहवालात दोन आकडे महत्त्वाचे होते. टी-स्कोर कमरेच्या मणक्यांचा उणे २.३ होता आणि मांडीच्या हाडाच्या मानेचा, म्हणजे खुब्याच्या सांध्यालगतच्या निमुळत्या भागाचा, उणे २.६. टी-स्कोरमध्ये शून्य म्हणजे निरोगी तरुण व्यक्तीची सरासरी घनता. उणे १ ते उणे २.५ या पट्ट्यात घनता कमी झालेली असते, आणि उणे २.५ किंवा त्याखाली गेल्यास हाडे ठिसूळ झाली असे धरतात. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला पुढेही उपयोगी पडली. म्हातारपणी मणक्यांना हाडाचे काटे फुटतात आणि यंत्र तेही मोजते, त्यामुळे कमरेचा आकडा प्रत्यक्षापेक्षा बरा दिसू शकतो. खुब्याचा आकडा त्या मानाने अधिक खरा बोलतो.

याशिवाय पाठीचा बाजूने एक्स-रे काढला, कारण मणका दबूनही माणसाला कळलेले नसते, असे होऊ शकते. सुदैवाने तसे काही नव्हते. रक्तात व्हिटॅमिन डी १४ निघाले. नागपूरचे ऊन असे की मे महिन्यात डांबर वितळावे, आणि त्याच गावात माझ्या अंगात व्हिटॅमिन डी नाही! पण पहाटे उजाडण्याआधी चालायचे, दिवसभर पडदे ओढून घरात बसायचे आणि बाहेर पडलेच तर डोक्यापासून हातापर्यंत ओढणी गुंडाळायची, अशा बाईच्या कातडीला ऊन लागणार कधी? डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी लिहून दिले, आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली, आणि ती उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवे व्हायचे नाही, असे बजावले. ती गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते.

मग मी माझ्या चालण्याचा विषय काढला. इतकी वर्षे चालूनही हाडे ठिसूळ कशी झाली, हा माझा सरळ प्रश्न होता. त्यांचे उत्तर असे होते की हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराकडे पाहून स्वतःला घडवते, परंतु जो भार रोजचा झाला त्याची ते दखल घेत नाही. चालण्याचा भार त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. चालणे हृदयासाठी आणि साखरेसाठी चांगले, ते सोडू नये. पण हाडाला जागे करायचे तर भार नेहमीपेक्षा जास्त हवा, किंवा तो झटक्यात यायला हवा, आणि थोडा वेळ मिळाला तरी पुरतो. असे म्हणून त्यांनी मला एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवले.

ती मुलगी तिशीच्या आतबाहेरची असेल. पहिल्याच दिवशी "काकू, आधी तुम्हाला मोजून घेते" असे म्हणून तिने मला गुडघ्याच्या उंचीच्या, बिनहाताच्या खुर्चीवर बसवले, दोन्ही हात छातीवर एकमेकांवर ठेवायला लावले आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते पाहिले. माझे आठ झाले. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईचे बारापेक्षा कमी झाले तर ते सरासरीच्या खाली धरतात. नंतर एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला चिकटवून, दोरीवर उभे राहिल्यासारखे, दहा सेकंद उभे राहायचे होते. सहाव्या सेकंदाला मी भिंत धरली. एका पायावर तीन सेकंदांच्या पुढे काही गेले नाही. ज्या बाईला चार किलोमीटर चालून धापही लागत नव्हती, तिची ही अवस्था.

मी आयुष्यभर हिशेब तपासण्याच्या नोकरीत होते. आकडे समोर आले की माझा वाद संपतो. त्याच संध्याकाळी एक दोनशे पानी वही आणली, आणि पुढचे सगळे मी त्या वहीवरूनच सांगते आहे.

पहिले सहा आठवडे वजन असे काहीच नव्हते. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, खुर्चीतून उठणे, टाचा उचलणे, भिंतीवर हात टेकून छाती पुढे नेणे आणि पाठ मागे ओढणारा एक रबरी पट्ट्याचा व्यायाम, एवढेच होते. खुर्चीतून उठण्यात माझी एक खोड होती, जी मला कोणी कधी दाखवली नव्हती. उठताना मी धडाचा झोका घेत असे आणि बसताना शेवटची वीतभर उंची सरळ खुर्चीवर पडत असे. फिजिओथेरपिस्टने खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवली आणि बसायला मनात चार अंक मोजायला सांगितले. बसण्याचा हा संथपणा पहिल्या आठवड्यात मांड्यांना इतका जड गेला की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला. तिने आधीच सांगून ठेवले होते की स्नायूंचे हे दुखणे दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि तीन-चार दिवसांत जाते. सांध्याच्या आत एका जागी टोचणारे दुखणे मात्र तिला लगेच कळवायचे. गुडघ्यासाठी तिचा नियम साधा होता. दहापैकी तीनपर्यंत दुखले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पहिल्यासारखे झाले, तर चालू ठेवायचे. सकाळपर्यंत उरले, तर खुर्चीवर एक उशी परत चढवायची. मी दोनदा उशी परत चढवली आहे.

खरा अभ्यास कमरेतून वाकण्याचा होता, आणि माझ्या मते या सगळ्या कार्यक्रमाचे मर्म तिथेच आहे. आपण वाकतो ते पाठीला गोल करून. झाडू घेताना, बादली उचलताना, नातवाचे खेळणे वेचताना आपली पाठ कमानीसारखी होते, आणि त्या वेळी मणक्याच्या पुढच्या कडेवर सगळा दाब येतो. ठिसूळ मणका दबतो तो बहुधा पुढूनच. म्हणून पाठ सरळ ठेवून कुल्ले मागे नेऊन वाकायचे, जशी एखादी पेटी तिच्या बिजागरीवर उघडते तसे. सांगायला सोपे आहे. मला ते जमायला एक महिना लागला. तिने झाडूचा दांडा पाठीला उभा लावला. तो डोक्याच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला अशा तीन ठिकाणी टेकलेला हवा, आणि वाकताना तिन्हींपैकी एकही जागा सुटता कामा नये. माझी माकडहाडाची जागा दर वेळी सुटायची. मग तिने मला भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभे केले आणि म्हटले, "काकू, दोन्ही हातांत पिशव्या आहेत आणि दार ढकलून उघडायचं आहे. कशानं ढकलाल?" मी कुल्ल्यांनी ढकलले, आणि एकदम ते साधले.

यानंतर उचलण्याला सुरुवात झाली. आठ किलोचे केटलबेल, म्हणजे वर धरायला कडी असलेला लोखंडी गोळा, जमिनीवर न ठेवता एकावर एक असे चार पाट रचून त्यावर ठेवले, म्हणजे फार खाली वाकावे लागू नये. महिन्याला एक पाट कमी व्हायचा. पंगतीचे पाट आमच्याकडे माळ्यावर पडून होते. त्यांचा असा उपयोग होईल असे सासूबाईंना कधी वाटले नसेल. उचलताना श्वास सोडायचा, श्वास कोंडून ताकद लावायची नाही, कारण त्याने रक्तदाब एकदम चढतो, आणि मला तर रक्तदाबाची गोळी चालू आहे.

नवव्या आठवड्यात माझ्या वहीतली एक मोठी चूक उघडी पडली. मला सांगितलेले होते की आठ वेळा उचलून झाल्यावर आणखी फार तर दोन वेळा उचलता येईल असे वाटेल, इतके वजन हवे. दहा किलोच्या नोंदीसमोर मी दर वेळी इमानेइतबारे "कठीण, दोनच उरले" असे लिहीत होते. एके दिवशी फिजिओथेरपिस्टने वही वाचली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आज आठाला थांबू नका. मी सांगेपर्यंत उचला." ती पाठीकडे आणि वेगाकडे पाहत उभी राहिली. मी चौदा वेळा उचलले, आणि चौदाव्या वेळी कुठे वजन वर यायला वेळ लागू लागला. म्हणजे मी ज्याला दोन उरले म्हणत होते ते सहा उरलेले होते. खोटे मी लिहीत नव्हते. चाळीस वर्षांत कधी जोर लावलाच नसल्यामुळे धाप लागणे, हृदय धडधडणे, तळवे चुरचुरणे यालाच मी ताकद संपणे समजत होते. तिने सांगितले की उशिरा सुरुवात करणारे बहुतेक जण हीच चूक करतात, आणि वर्षभर तेच हलके वजन उचलून "करून पाहिलं, काही फरक नाही" असे म्हणतात. ताकद संपत आल्याची खरी खूण म्हणजे इच्छा असूनही वजन सावकाश वर येणे. त्या दिवशी दहाचे चौदा किलो झाले.

तेव्हापासूनचा नियम असा आहे. आठ-आठच्या तीन फेऱ्या लागोपाठ दोन दिवस नीट झाल्या आणि शेवटच्या फेरीतही दोनांहून जास्त उरले, की वजन दोन किलोने किंवा त्याच्या जवळपास वाढवायचे. पाठीचा आकार बिघडला तर फेरी तिथेच संपते, मग ती तिसऱ्या वेळी बिघडो की सातव्या. पाचव्या महिन्यात केटलबेलच्या जागी बार आला. नुसत्या बारचेच वजन दहा किलो होते, त्यावर प्लेटा चढत गेल्या, आणि वजन वाढले तसे आठाचे पाच वेळा झाले. पहिल्या वर्षाच्या अखेरीस मी पस्तीस किलो पाच वेळा उचलत होते. माझे स्वतःचे वजन अठ्ठावन्न आहे. या व्यायामाला डेडलिफ्ट म्हणतात, आणि ते नाव मी घरी सांगितले तेव्हा यजमानांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची प्रतिक्रिया अधिक मोकळी होती: "काऊन काकू, कुस्तीत जाता का आता?"

इतके जड कशासाठी, असे मीही विचारले होते. फिजिओथेरपिस्टने मला ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठात झालेल्या एका चाचणीविषयी सांगितले. हाडांची घनता कमी असलेल्या, साधारण माझ्याच वयाच्या शंभरएक बायकांपैकी निम्म्यांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, जाणकारांच्या नजरेखाली जड वजन उचलले आणि उडी मारून जमिनीवर उतरण्याचा सराव केला. उरलेल्या निम्म्यांनी घरी हलका व्यायाम केला. पहिल्या गटात कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्यात १.२ टक्क्यांनी घटली. मात्र त्या बायकांना पहिल्याच दिवशी ते वजन दिले नव्हते, आणि हे प्रकरण घरी एकटीने करायचे नाही, हे तिने दोनदा सांगितले. मला तिने उडी दिलीच नाही. त्याऐवजी ओट्याला बोटे टेकवून चवड्यांवर उंच व्हायचे आणि टाचा जमिनीवर धप्पकन सोडायच्या, हा प्रकार दिला. सुरुवातीला दहा, मग वाढवत पन्नास. खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना याची कल्पना दिलेली बरी.

तोलाचा अभ्यास याहून वेगळा होता, आणि मला तो जास्त कंटाळवाणा वाटला, हे कबूल करते. ताकद वाढली की तोल आपोआप येईल असे मी धरून चालले होते. चौथ्या महिन्यात खुर्चीतून उठणे आठावरून अकरावर गेले, पण एका पायावर उभे राहणे तिनाचे चार सेकंदच झाले, तेव्हा तो हिशेब जुळत नाही हे दिसले. तोल सुधारतो तो डगमगण्यातून. जिथे मुळीच डगमगत नाही तिथे उभे राहून काही शिकले जात नाही, आणि जिथे पडण्याची भीती आहे तिथे शरीर आवळून जाते, म्हणून जागा अशी हवी की डगमगावे पण पडू नये. आमच्या स्वयंपाकघरात ओटा काटकोनात वळतो. त्या कोपऱ्यात पाठ करून उभे राहिले की तीन बाजूंना आधार हाताशी असतो. तिथे रोज दहा मिनिटे. आधी पायापुढे पाय, मग एक पाय, मग त्याच स्थितीत मान डावी-उजवीकडे वळवणे, मग शंभरातून सात-सात वजा करत जाणे. हिशेबात मी कधी चुकत नाही, पण एका पायावर उभी असताना ब्याऐंशी म्हणून बसले. त्र्याण्णवातून सात गेले की शहाऐंशी उरतात, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. चालताना कोणी बोलायला लागले की आपण थबकतो त्याचे कारण हेच आहे. लक्ष दोन ठिकाणी वाटले गेले की पायांच्या वाट्याचे कमी पडते.

या भागात फिजिओथेरपिस्टने आणखी दोन गोष्टी शोधल्या, ज्या कोणत्याही व्यायामाने सुटल्या नसत्या. एक माझा चष्मा. वाचायचा नंबर काचेच्या खालच्या भागात असल्यामुळे पायरी उतरताना मी त्या भागातून पाहत होते आणि पायरीची कडाच पुसट दिसत होती. आता बाहेर पडताना केवळ दूरच्या नंबरचा चष्मा घालते. दुसरी माझ्या रक्तदाबाची. आडवी असताना आणि उठून उभी राहिल्यावर असे दोनदा मोजले तेव्हा वरचा आकडा सव्वीसने खाली आला. वीस किंवा त्याहून अधिक उतरला तर डॉक्टरांना दाखवायला हवे. रात्री बाथरूमला उठताना मला जी क्षणभर अंधारी यायची ती ही होती. आमच्या फिजिशियनने गोळीचे प्रमाण बदलून दिले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये माझ्याच अतिउत्साहाने घोटाळा झाला. मैत्रिणींच्या आग्रहाने मी बागेतल्या सकाळच्या एका योगवर्गाला जाऊ लागले आणि पाय लांब करून बसून डोके गुडघ्याला लावायच्या आसनात, सगळ्यांचे लागते तर माझे का लागू नये, म्हणून जोर केला. दुसऱ्या दिवशी पाठ धरली. मी घाबरले, कारण मणका दबल्याची लक्षणे मी वाचून ठेवली होती. फिजिओथेरपिस्टने आधी नेमके कुठे दुखते ते बोटाने दाखवायला सांगितले. माझे दुखणे कण्याच्या दोन्ही बाजूंना, तळहाताएवढ्या भागात पसरलेले होते, कुशीवर वळताना वाढत होते आणि गरम पाण्याने शेकले की उतरत होते. मणका दबलेला असता तर दुखणे बहुधा अगदी मध्यरेषेवर, एका जागी, एकाएकी आणि तीव्र असते, उभे राहिले की वाढते, पडून राहिले की कमी होते, आणि त्या मणक्यावर हलकेच टिचकी मारली तरी माणूस कळवळतो. शिवाय तिने माझी उंची भिंतीशी मोजली. ती सप्टेंबरइतकीच होती. तरीही तिने मला डॉक्टरांकडे पाठवून एक्स-रे काढून घेतलाच, आणि तो स्वच्छ निघाला. दहा दिवसांत पाठ मोकळी झाली. योगवर्ग मी सोडला नाही, पण पुढे वाकण्याची आणि कंबर पिळण्याची आसने माझ्यासाठी बंद आहेत. वर्गाच्या बाईंना मी डेक्साचा अहवालच नेऊन दाखवला, तेव्हा त्यांनीही ते मान्य केले आणि माझ्यासाठी शलभासन आणि वृक्षासन यांचा वेळ वाढवला. पाठीचे स्नायू मागे खेचणारे शलभासन मला उलट फायद्याचे आहे.

त्यानंतर उन्हाळा. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा कोणतीही शिस्त वितळते, आणि मी पाच आठवडे सगळे बंद ठेवले. जूनमध्ये परत गेले तेव्हा वजन साधारण पाचव्या हिश्शाने कमी करून सुरू करावे लागले, पण तीन आठवड्यांत ते परत आले. तोल मात्र जास्त घसरला होता. पुढच्या वर्षी मी वजनाचे दिवस कमी करून आठवड्याला एकच ठेवला आणि ओट्याचा कोपरा सोडला नाही, तेव्हा तसे झाले नाही. उन्हाळ्यातला दुसरा धोका घरातच असतो. कूलरच्या टाकीतून गळणारे पाणी फरशीवर दिसत नाही. आमचा कूलर आता खिडकीच्या बाहेर लोखंडी स्टँडवर गेला आहे.

खाण्याचा भाग मी थोडक्यात आटोपते. दिवसाला सुमारे बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम हवे असा हिशेब होता. दोन पेले दूध आणि वाटीभर दही यातून त्याचा बराच मोठा वाटा भागतो, आणि भाकरीबरोबर तिळाची चटणी रोज असते, म्हणून मला कॅल्शियमची गोळी लहानच लागली. प्रथिनांचे मात्र खरोखर कमी पडत होते. रात्री मी दूध-पोहे खाऊन झोपायची. आता रात्री घट्ट वरण किंवा झुणका आणि सकाळी दोन अंडी असतात. अंडी आमच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा आली ती या निमित्ताने, आणि ती वेगळ्या पातेल्यात उकडली जातात.

अठरा महिन्यांनी, मार्च २०२५ मध्ये, त्याच ठिकाणी त्याच यंत्रावर पुन्हा डेक्सा केली. यंत्र बदलले तर आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. कमरेचा टी-स्कोर उणे २.३ वरून उणे २.० झाला आणि मांडीच्या हाडाच्या मानेचा उणे २.६ वरून उणे २.५. मला दुसऱ्या आकड्याचा जास्त आनंद झाला होता, कारण तो खरा बोलतो असे मला सांगितलेले होते. पण डॉक्टरांनी तो आनंद आवरता घ्यायला लावला. यंत्राच्या मोजणीत थोडी कमीजास्त होतेच, आणि खुब्याचा हा फरक त्या मर्यादेच्या आतला आहे, म्हणून तो वाढला असे न म्हणता घसरला नाही एवढेच म्हणायचे. कमरेचा फरक मर्यादेच्या बाहेरचा, म्हणून तो खरा. मी विचारले की हे गोळीमुळे झाले की वजनांमुळे? ते म्हणाले, "तुमच्या एकटीच्या बाबतीत ते वेगळं करून सांगता येणार नाही. गोळीनं इतकं होऊ शकतं. पण गोळी घेऊन कोणी तुमच्यासारखं खुर्चीतून उठत नाही." खुर्चीतून उठणे आता तीस सेकंदांत पंधरा आहे.

एक गोष्ट मात्र आकड्यात नाही. पाय दुखतात म्हणून आठ-दहा वर्षांपूर्वी मी जमिनीवर बसणे सोडले होते आणि पंगतीला मला खुर्ची लागायची. फिजिओथेरपिस्टने शेवटी जमिनीवरून उठण्याचाही सराव करून घेतला: कुशीवर वळायचे, दोन्ही हात आणि गुडघे टेकायचे, एक पाऊल पुढे आणून त्यावर भार घ्यायचा, मग उठायचे. पडल्यावर जवळ कोणी नसेल तर उठता यावे म्हणून हा सराव होता. गेल्या महालक्ष्म्यांना मी जाऊबाईंच्या शेजारी पाटावर बसून जेवले आणि कोणाचा हात न धरता उठले. जाऊबाई माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत. त्यांनी दुसऱ्याच दिवशी फोन करून मला किती किलो उचलतेस म्हणून विचारले. मी म्हटले, ते नंतर. आधी डेक्सा करून घ्या, आणि बिनहाताच्या खुर्चीवर बसून तीस सेकंदांत किती होतात ते मोजा. त्यांचे नऊ झाले.

डावा पाय आता अठरा सेकंद टिकतो. उजवा अकरालाच अडला आहे, आणि या आठवड्यात वहीत तेवढेच काम लिहिलेले आहे: कोपऱ्यात, उजव्या पायावर, रोज पाच वेळा.